बर्फ कारखान्याचा ट्रान्सफॉर्मर: कोअर सीआरजीओचा घ्यावा की अमॉर्फसचा?

मिरकरवाडा, हर्णै, मालवण, वेंगुर्ला, कुठल्याही बंदराच्या मागच्या रस्त्यावर बर्फाचा कारखाना सापडतोच. 1 जून ते 31 जुलै असे 61 दिवस यांत्रिक बोटी बंद असतात, तेव्हा बर्फाला गिऱ्हाईक नसतं आणि कॉम्प्रेसर गप्प होतात. आवारातला ट्रान्सफॉर्मर मात्र घूं करत चालूच राहतो. त्याच्यावर लोड नसलं तरी त्याचा कोअर, म्हणजे कॉइलच्या आतला लोखंडी गाभा, सेकंदाला 50 वेळा एका दिशेनं आणि 50 वेळा उलट दिशेनं चुंबकित होत असतो, आणि प्रत्येक फेरीला थोडी वीज उष्णता होऊन जाते. हा नो-लोड लॉस. नवा ट्रान्सफॉर्मर घेताना दोन कोटेशनं समोर येतात, एक सीआरजीओ, म्हणजे सिलिकॉनच्या लोखंडाच्या लाटलेल्या पत्र्याच्या कोअरचं, आणि एक अमॉर्फस, म्हणजे स्फटिक बनू न देता गोठवलेल्या धातूच्या पट्टीच्या कोअरचं, आणि दोन्हींतला खरा फरक या एका आकड्याशी येऊन थांबतो. तो आकडा कुठून येतो आणि जागेवर आल्यावर तो का बिघडतो, हे कळलं तर निवड सोपी होते.

आधी एक गोष्ट तपासा. मीटर 11 केव्हीच्या बाजूला असेल आणि ट्रान्सफॉर्मर तुमचा असेल, तरच कोअरचा लॉस तुमच्या बिलात येतो. महावितरणच्या डीपीवरून लो-टेन्शन कनेक्शन असेल तर तो लॉस त्यांचा, आणि हा सगळा हिशेब तुमच्यासाठी गैरलागू. पुढचं सगळं स्वतःचा 250 केव्हीए, 11 केव्ही/433 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घेणाऱ्यासाठी आहे.

लॉस म्हणजे लूपच्या आतली जागा

चुंबकित न केलेल्या लोखंडातही चुंबकत्व असतं, फक्त ते तुकड्यातुकड्यांत वाटलेलं असतं. या तुकड्यांना डोमेन म्हणतात. प्रत्येक डोमेनमध्ये सगळे अणू एकाच दिशेला तोंड करून असतात, शेजारच्या डोमेनमध्ये दुसऱ्या दिशेला. दोघांच्या मध्ये एक पातळ पट्टा असतो, ज्यात दिशा हळूहळू वळत जाते. ती डोमेनची भिंत. कॉइलमधून करंट गेला की अणू जागच्या जागी वळतात असं नाही. मुख्यतः या भिंती सरकतात, अनुकूल डोमेन फुगतं आणि प्रतिकूल आक्रसतं.

भिंत कुठेही अडखळली नसती तर करंट वाढवला की ती पुढे गेली असती, कमी केला की त्याच वाटेनं परतली असती, आणि लॉस शून्य झाला असता. प्रत्यक्षात पत्र्यात कार्बाइडचे, नायट्राइडचे बारीक कण असतात, स्फटिककणांमधल्या सीमा असतात, दाबाचे डाग असतात. भिंत तिथे अडकते आणि पुरेसा जोर मिळाला की झटक्यात सुटते. त्या झटक्याची ऊर्जा परत मिळत नाही. म्हणून जाताना आणि येताना वाट वेगळी पडते आणि मधे जागा उरते. हाच हिस्टेरेसिसचा लूप. लूपच्या आतलं क्षेत्रफळ म्हणजे एका फेरीत एका घनमीटरमागे गेलेले ज्यूल.

ढोबळ आकडा काढायचा तर लूप आयत समजावा. त्याची रुंदी कोअर्सिव्हिटीच्या, म्हणजे चुंबकत्व शून्यावर आणायला लागणाऱ्या उलट क्षेत्राच्या दुप्पट, आणि उंची फ्लक्स डेन्सिटीच्या, म्हणजे चुंबकत्वाच्या दाटपणाच्या दुप्पट. चांगल्या सीआरजीओ पत्र्याची कोअर्सिव्हिटी 5 अँपिअर प्रति मीटर आणि फ्लक्स 1.7 टेस्ला धरला तर 4 × 5 × 1.7, म्हणजे 34 ज्यूल. सेकंदाला 50 फेऱ्या आणि घनता घनमीटरला 7650 किलो, तेव्हा किलोमागे सुमारे 0.22 वॉट. अमॉर्फससाठी 3 अँपिअर प्रति मीटर, 1.35 टेस्ला आणि 7180 किलो धरले तर सुमारे 0.11 वॉट.

पण 0.23 मिमीच्या उत्तम सीआरजीओ पत्र्याचा 1.7 टेस्लाला मोजलेला लॉस किलोमागे 0.85 ते 0.95 वॉटच्या आसपास असतो. बाकीचा कुठून आला? पत्र्याच्या जाडीत फिरणाऱ्या एडी करंटचं पाठ्यपुस्तकी सूत्र लावलं तर 0.17 वॉट निघतात. दोन्ही मिळून 0.39. अजून निम्म्याच्या आसपास शिल्लक आहे, आणि तो भिंतींच्या संख्येमुळे आहे. सीआरजीओमध्ये भिंती थोड्या असतात, एकमेकींपासून मिलिमीटरच्या अंतरावर. अर्ध्या फेरीत, म्हणजे शंभराव्या भाग सेकंदात, तेवढं अंतर कापायचं तर भिंतीला वेगानं धावावं लागतं, आणि धावणाऱ्या भिंतीच्या भोवतीच एडी करंट दाटतात. म्हणूनच महागड्या पत्र्यावर लेझरनं रोलिंगच्या आडव्या दिशेला काही मिलिमीटरांवर एकेक रेघ मारतात. रेघेमुळे मोठ्या डोमेनचे बारीक तुकडे होतात, भिंती वाढतात, प्रत्येकीला कमी धावावं लागतं. लॉस कमी करण्यासाठी भिंती वाढवायच्या, हे ऐकायला उलटं वाटतं, पण 50 हर्ट्झला तसंच आहे.

अमॉर्फसची पट्टी जेमतेम 25 मायक्रॉन जाडीची, म्हणजे सीआरजीओच्या नवव्या हिश्शाची, आणि तिचा विद्युत रोध पावणेतीन पट. त्यामुळे पाठ्यपुस्तकी एडी लॉस किलोमागे अर्धा मिलिवॉट इतका नगण्य होतो.

दोन्ही धातूंचा स्वभाव कशात वेगळा

स्फटिकात अणूंना काही दिशा सोप्या असतात, काही अवघड. सोप्या दिशेवरून अवघड दिशेला वळवायला जी ऊर्जा लागते ती अनायसोट्रॉपीची ऊर्जा. 3 टक्के सिलिकॉनच्या लोखंडात तिचा स्थिरांक घनमीटरला सुमारे 35,000 ज्यूल आहे. मऊ चुंबकीय धातूसाठी हा आकडा मोठा आहे. तरी सीआरजीओ चालतो, कारण नॉर्मन गॉस यांनी 1930च्या दशकात दाखवलेल्या रीतीनं पत्रा लाटला आणि तापवला की जवळजवळ सगळ्या स्फटिककणांची एक सोपी दिशा रोलिंगच्या दिशेला लागते. साध्या सीआरजीओत कण सरासरी 7 अंशांनी तिरके असतात, हाय-बी जातीत सुमारे 3 अंशांनी. फ्लक्स रोलिंगच्या दिशेनं नेला तर भिंती नुसत्या सरकतात आणि मोठी अनायसोट्रॉपी आड येत नाही. फ्लक्स आडवा गेला, म्हणजे कोपऱ्यातल्या जोडावर, की तीच अनायसोट्रॉपी आडवी येते. म्हणून जोड 45 अंशांत कापतात आणि पायऱ्यापायऱ्यांनी रचतात.

अमॉर्फस धातू लोखंड, सिलिकॉन आणि बोरॉनचा. वितळलेला रस फिरत्या तांब्याच्या चाकावर सोडून सेकंदाला लाखो अंशांच्या वेगानं गोठवलेला. स्फटिक बनायला वेळच मिळत नाही, त्यामुळे स्फटिकाची सोपी-अवघड दिशा नाही आणि भिंतीला अडवायला कणसीमाही नाहीत. शिवाय अनायसोट्रॉपी जितकी कमी तितकी भिंत रुंद. सीआरजीओत ती मायक्रॉनच्या दहाव्या भागाच्या आसपास असते, अमॉर्फसमध्ये मायक्रॉनभर. रुंद भिंत अणूंच्या पातळीवरचे खाचखळगे जाणवूनही घेत नाही. कोअर्सिव्हिटी कमी असते ती यामुळे.

आता मॅग्नेटोस्ट्रिक्शन. चुंबकित झाल्यावर धातू किंचित लांबतो, आणि त्याचीच दुसरी बाजू अशी की ताण दिला की चुंबकत्वाची आवडती दिशा बदलते. बाजारात सांगतात की अमॉर्फसचं मॅग्नेटोस्ट्रिक्शन जास्त, म्हणून तो नाजूक. हे अर्धंच खरं आहे. अमॉर्फसचा आकडा दशलक्षात 27 आहे, आणि सिलिकॉनच्या लोखंडाचा सोप्या दिशेतला आकडा 25च्या आसपास. दोन्ही जवळजवळ सारखे. फरक पडतो तो ताणासमोर कोण उभं आहे याचा.

ताणाची चुंबकीय ऊर्जा म्हणजे दीडपट मॅग्नेटोस्ट्रिक्शन गुणिले ताण. 10 मेगापास्कल ताणाला दोन्ही धातूंत ती घनमीटरला 400 ज्यूलच्या आसपास येते. सीआरजीओत समोर 35,000 ज्यूलची अनायसोट्रॉपी आहे, म्हणजे ताण तिच्या जेमतेम एका टक्क्याएवढा. सोप्या दिशेपासून चुंबकत्व हलवणं त्याच्या आवाक्यात नाही. अमॉर्फसमध्ये समोर उभी असते ती फक्त भट्टीत मुद्दाम दिलेली अनायसोट्रॉपी, आणि ती शंभरेक ज्यूलपर्यंतची. 100 ज्यूलची बरोबरी करायला अडीच मेगापास्कल पुरतात, म्हणजे चौरस सेंटिमीटरला 25 किलोचा भार. त्यापुढे धातूची सोपी दिशा भट्टी ठरवत नाही, पान्ह्यानं आवळलेला बोल्ट ठरवतो.

सीआरजीओ मात्र ताणापासून पूर्ण सुरक्षित आहे असंही समजू नये. त्याच्या स्फटिकाला तीन सोप्या दिशा असतात, तिन्ही सारख्याच सोप्या. एक रोलिंगच्या रेषेत, दोन तिला काटकोनात आणि पत्र्याच्या पृष्ठाशी 45 अंशांत. पत्रा लांबीच्या दिशेनं ओढला तर पहिली दिशा आणखी पसंत पडते आणि काम सुधारतं. लांबीच्या दिशेनं दाबला तर डोमेन बाकीच्या दोन दिशांकडे वळतात, आणि त्यासाठी 35,000 ज्यूलचा डोंगर चढावा लागत नाही, कारण पलीकडचं दारही तितकंच खालचं आहे. काही मेगापास्कल दाब पुरतो. पत्र्यावरचा करडा, काचेसारखा लेप फक्त इन्सुलेशनसाठी नसतो. भट्टीतून थंड होताना लेप लोखंडापेक्षा कमी आकुंचन पावतो आणि पत्र्याला कायमचा ताणून धरतो. तो ओरखडला किंवा घासला गेला की इन्सुलेशनसोबत हे संरक्षणही जातं.

समोरासमोर

| | सीआरजीओ, 0.23 मिमी हाय-बी | लोह-अमॉर्फस |
|---|---|---|
| सॅच्युरेशन, म्हणजे फ्लक्सची कमाल मर्यादा | 2.03 टेस्ला | 1.56 टेस्ला |
| कामाचा फ्लक्स | 1.6 ते 1.7 टेस्ला | 1.3 ते 1.4 टेस्ला |
| रचल्यावर भरीव धातूचा वाटा | 96 टक्क्यांच्या आसपास | 85 टक्क्यांच्या आसपास |
| दाबानं बिघडणं | लांबीच्या दिशेच्या दाबानं | कुठल्याही दिशेच्या ताणानं |
| तापवून झाल्यावर | हाताळता येतो | काचेसारखा ठिसूळ |

पहिल्या तीन ओळींचा परिणाम एकच. तेवढाच फ्लक्स न्यायला अमॉर्फसचा कोअर जाड लागतो, त्याच्याभोवतीची वाइंडिंग लांब होते, टाकी मोठी होते, तेल जास्त लागतं. प्लिंथ आधीच बांधलेला असेल तर ऑर्डर देण्याआधी मापं आणि वजन मागवून घ्यावीत. आंबा किंवा कुंभार्ली घाटातून वर-खाली येणाऱ्या मालात हा फरक क्रेनच्या भाड्यातही दिसतो.

वर्षाचा हिशेब

आयएस 1180 या मानकात वितरण ट्रान्सफॉर्मरसाठी 50 टक्के आणि 100 टक्के लोडवरचा एकूण लॉस किती असावा याची मर्यादा आहे, नो-लोड लॉसची वेगळी नाही. त्यामुळे कोटेशनवर पुष्कळदा दोनच आकडे असतात. ते त्या युनिटच्या चाचणीचे असतील तर नो-लोड लॉस घरबसल्या काढता येतो. वाइंडिंगमधला लोड लॉस करंटच्या वर्गानं बदलतो, म्हणून 50 आणि 100 टक्क्यांवरचे आकडे T50 आणि T100, नो-लोड लॉस P0 आणि लोड लॉस PL धरले तर:

```
P0 = (4 × T50 − T100) / 3
PL = T100 − P0
```

उदाहरणासाठी धरलेले आकडे घेऊ. सीआरजीओ: 50 टक्क्यांवर 965 वॉट, 100 टक्क्यांवर 2840. सूत्रात घातले की नो-लोड 340 आणि लोड लॉस 2500. अमॉर्फस: 792.5 आणि 2780, म्हणजे नो-लोड 130 आणि लोड लॉस 2650. अमॉर्फसचा लोड लॉस थोडा जास्त धरला आहे, कारण वाइंडिंग लांब असते. उत्पादक जास्त तांबं घालून तो खाली आणू शकतो, पण मग किंमत वर जाते. आकडे मर्यादेचे असतील, मोजलेले नसतील, तर हे सूत्र वापरू नका, उत्तर फसवं येतं.

वर्षात 8760 तास. नो-लोडचा फरक 210 वॉट, म्हणजे वर्षाला सुमारे 1840 युनिट अमॉर्फसच्या बाजूनं. बंदीचे 61 दिवस सोडले तर उरलेले 304 दिवस, 7296 तास. तेवढा वेळ लोड सलग 70 टक्के धरला तर लोड लॉसच्या 150 वॉट फरकाचे 0.49 पट, म्हणजे 73.5 वॉट अमॉर्फसच्या विरोधात जातात, वर्षाला 536 युनिट. निव्वळ बचत 1300 युनिट. युनिट 10 रुपयांनी धरलं तर वर्षाला 13,000 रुपये. आपल्या बिलातला खरा दर इथे घालावा. किंमतीतला फरक 1 लाख असेल तर तो आठ वर्षांच्या आत फिटतो, 2 लाख असेल तर पंधरा वर्षं लागतात.

बर्फाचा कारखाना सीझनमध्ये रात्रंदिवस चालतो, म्हणून त्याच्या हिशेबात अमॉर्फसची बाजू अशी थोडी पातळ होते. पर्यटकांचा हंगाम सोडून रिकामं राहणारं हॉटेल, वर्षातून दोन-तीन महिने चालणारा आंब्याचा पल्प कारखाना किंवा काजू प्रक्रिया, इथे ट्रान्सफॉर्मर बहुतेक वेळ नुसता तापत बसलेला असतो आणि अमॉर्फस स्पष्टपणे जिंकतो.

मग बंदीत ट्रान्सफॉर्मर सरळ बंदच का ठेवू नये? ठेवता येतो, आणि मग त्या 61 दिवसांतली 307 युनिटांची बचत दोन्हीकडे शून्य होते. पण जून-जुलै म्हणजे कोकणातला सगळ्यात दमट काळ. बंद ट्रान्सफॉर्मरचं तेल थंड होतं, दिवसरात्रीच्या तापमानफरकानं टाकी श्वास घेते आणि ब्रीदरमधलं सिलिका जेल निकामी झालं असेल तर ओलावा थेट आत जातो. बंद ठेवायचा असेल तर जेल आधी बदला, आणि ऑगस्टमध्ये चार्ज करण्याआधी तेलाची ब्रेकडाउन चाचणी आणि इन्सुलेशनची मेगर चाचणी चुकवू नका.

काय बिघडतं, आणि का

अमॉर्फसची पट्टी वाकवली की ताण किती येतो ते पाहा. 25 मायक्रॉनची पट्टी 5 सेंटिमीटर त्रिज्येत वळवली तर तिच्या पृष्ठावर सुमारे 27 मेगापास्कल ताण येतो, वर सांगितलेल्या अडीचच्या अकरापट. म्हणून कोअर आधी अंतिम आकारात गुंडाळतात, आणि त्या आकारातच नायट्रोजनमध्ये 350 अंश सेल्सिअसच्या आसपास दोनेक तास तापवतात. ताण विरघळतो. त्याच वेळी लांबीच्या दिशेनं डीसी चुंबकीय क्षेत्र लावलेलं असतं, ते हवी ती सोपी दिशा देतं. तापमान या धातूच्या सुमारे 395 अंशांच्या क्युरी बिंदूखाली ठेवावं लागतं, नाहीतर क्षेत्राला पकडायला चुंबकत्वच उरत नाही. 500 अंशांच्या वर गेलं तर स्फटिक बनू लागतात आणि कोअर भंगारात जातो.

भट्टीतून बाहेर आलेला कोअर पुढे कधीही वेगळ्या आकारात दाबला गेला तर जुना ताण परत येतो, आणि तो काढायला पुन्हा भट्टी नाही. जाणते उत्पादक म्हणून अमॉर्फस कोअरवर वाइंडिंगचा भार टाकत नाहीत. वाइंडिंग स्वतःच्या सांगाड्यावर उभी असते आणि कोअर नुसता तिच्यात बसलेला असतो. सीआरजीओच्या सवयीनं काम करणारा फिटर क्लॅम्प घट्ट आवळतो आणि तिथेच लॉस वाढतो. दुसरा दोष ठिसूळपणाचा. घाटातल्या धक्क्यांनी कडा तुटल्या तर बारीक कपचे तेलात फिरतात आणि वाइंडिंगपर्यंत पोहोचू शकतात. कोअरच्या कडा रेझिननं बंद केल्या आहेत का, हे कारखान्यात टाकी बंद होण्याआधीच बघावं. अमॉर्फसची आयताकृती कॉइल शॉर्ट सर्किटमध्ये गोल कॉइलपेक्षा कमकुवत असते. कोकणात झाडांच्या फांद्या लाईनवर पडून फॉल्ट वारंवार होतात, तेव्हा शॉर्ट सर्किट चाचणीचा दाखला याच डिझाइनचा मागा.

सीआरजीओतला मोठा धोका पत्र्याच्या जातीचा. दुरुस्तीच्या नावाखाली जुन्या ट्रान्सफॉर्मरमधून काढलेला पत्रा पुन्हा कापून वापरला जातो. कापताना कडेला बसलेला ताण, ओरखडलेला लेप आणि कडेला उठलेली धातूची धार तिन्ही मिळून नो-लोड लॉस चढवतात, आणि बाहेरून काहीच दिसत नाही. दुसरं, साधी लेझर-रेघ 500 अंशांच्या पलीकडे टिकत नाही. गुंडाळलेल्या कोअरला ताण काढायला 800 अंशांच्या आसपास तापवतात, तेव्हा रेघांसाठी मोजलेला जादा पैसा भट्टीत जातो. कोटेशनमध्ये ‘लेझर स्क्राइब्ड’ आणि ‘वाउंड कोअर’ एकत्र दिसलं तर रेघ उष्णता सोसणारी आहे का, हे लेखी विचारा.

रात्रीच्या व्होल्टेजकडेही लक्ष असू द्या. पावसाळ्यात फीडरवर लोड घटतं आणि 11 केव्हीचं 12च्या पुढे गेलेलं सापडतं. साडेबारा टक्के वाढीला 1.35 टेस्लाचा अमॉर्फस 1.52ला पोहोचतो, सॅच्युरेशन 1.56. मॅग्नेटायझिंग करंट झपाट्यानं चढतो आणि गुणगुण वाढते. 1.65चा सीआरजीओ 1.86ला जातो, तोही चुंबकनाचा वक्र आडवा पडू लागतो त्या गुडघ्याच्या पुढेच, पण त्याच्याकडे थोडी जागा उरते. तुमच्या फीडरवर हे नेहमीचं असेल तर अमॉर्फसमध्ये 1.3 टेस्लाचं डिझाइन मागा आणि टॅप चेंजरचा वापर करा.

आवाजाचा मुद्दा छोटा आहे. धातू दोन्ही दिशांच्या चुंबकनाला सारखाच लांबतो, म्हणून गुणगुण 100 हर्ट्झची. सीआरजीओत रोलिंगच्या रेषेतल्या भिंती सरकल्यानं लांबी बदलत नाही, आवाज येतो तो जोडांवरच्या आणि तिरक्या डोमेनमुळे. अमॉर्फस साधारण जास्त घुमतो. बंदरावर फरक पडत नाही, हॉटेलच्या खोल्यांशेजारी पडतो.

कमी लॉसच हवा तर नॅनोक्रिस्टलाइन का नाही, हा प्रश्न येतो. 1988 साली जपानमध्ये जाहीर झालेल्या या धातूत 10-15 नॅनोमीटरचे कण असतात, अनायसोट्रॉपी सरासरीत पुसली जाते आणि मॅग्नेटोस्ट्रिक्शनही शून्याजवळ येतं, त्यामुळे लूप जवळजवळ मिटतो. 80 टक्के निकेलच्या पर्मालॉयचंही तसंच. पण सॅच्युरेशन अनुक्रमे सुमारे 1.2 आणि 0.8 टेस्ला, आणि किंमत वितरण ट्रान्सफॉर्मरला न परवडणारी. मीटरिंगचा करंट ट्रान्सफॉर्मर आणि अर्थ लीकेज ब्रेकर ही त्यांची खरी जागा.

माल उतरवल्यावर

पूर्ण व्होल्टेजची नो-लोड चाचणी प्लिंथवर करू नका. 433 व्होल्टच्या बाजूनं पुरवठा दिला की दुसऱ्या, म्हणजे एचव्ही बाजूच्या उघड्या बुशिंगवर 11 केव्ही उभं राहतं. जागेवर करण्यासारखी चाचणी कमी व्होल्टेजची आहे: एलव्ही, म्हणजे 433 व्होल्टची बाजू उघडी ठेवून एचव्ही बाजूला तीन फेज 415 व्होल्ट द्या आणि तिन्ही फेजचा करंट मिलिअँपिअरमध्ये नोंदवा. तिन्ही आकडे अगदी सारखे न येणं नेहमीचं आहे.

कोअरमध्ये या वेळी फ्लक्स जेमतेम 0.05 टेस्ला असतो. या पातळीला भिंती अडकलेल्या जागी फक्त थोड्या वाकतात, पुढे उडी मारत नाहीत, त्यामुळे कोअरवर नव्यानं आलेला दाब इथल्या करंटमध्ये लगेच उमटतो. मात्र उरलेलं चुंबकत्वही इथेच उमटतं. म्हणून ही चाचणी वाइंडिंगचा डीसी रोध मोजण्याआधी करायची. क्रम उलटा झाला तर आधी कमी होत जाणाऱ्या एसी व्होल्टेजनं कोअर निचुंबकित करा.

हा करंट एकट्यानं काही सांगत नाही, तुलनेसाठी कारखान्यातला आकडा लागतो. तेव्हा ऑर्डरमध्येच लिहा: टाकी बंद केल्यावर, ट्रकवर चढवण्याआधी, याच पद्धतीनं आणि याच व्होल्टेजला घेतलेले तिन्ही फेजचे आकडे चाचणी अहवालात द्यावेत. जागेवर आकडा मीटरच्या चुकीपलीकडे वाढलेला दिसला आणि निचुंबकित करूनही खाली आला नाही, तर ट्रान्सफॉर्मर चार्ज न करता उत्पादकाला बोलवा.